परदेशातल्या आयसीयूसाठी कव्हर लेटर: स्टाफ नर्सना पडणारे प्रश्न

मी लातूरच्या एका खासगी आयसीयूत नऊ वर्षं होते, त्यानंतर इंग्लंडमध्ये क्रिटिकल केअरला काम केलं. आता नांदेड, परभणी, बीड, धाराशिवकडच्या मुली आणि ब्रदर लोक आपापली लेटरं वाचायला पाठवतात, आणि सोबत प्रश्न येतात ते बहुतेक तेच तेच. ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं मुख्यतः इंग्लंडच्या एनएचएस रुग्णालयांतल्या ॲडल्ट आयसीयूच्या अर्जासाठी आहेत. आखाती देश आणि जर्मनीबद्दल शेवटच्या प्रश्नात पाहा.

1. सीव्हीमध्ये सगळं लिहिलेलं असतं, मग कव्हर लेटर कशाला?

तुम्ही कुठे, कधी आणि किती वर्षं होता, हे सीव्ही सांगतो. तुमचं आयसीयू म्हणजे नेमकं काय होतं आणि त्यात तुमच्या हातून काय होत होतं, हे लेटरनं सांगायचं असतं. आपल्याकडे 'आयसीयू' ही पाटी मोठ्या मेडिकल कॉलेजच्या युनिटवर असते, तशी तालुक्याच्या ठिकाणी चार मॉनिटर आणि एक व्हेंटिलेटर असलेल्या खोलीवरही असते. पलीकडे वाचणाऱ्या मेट्रनला हा फरक माहीत नसतो, आणि 'आयसीयू स्टाफ नर्स, 4 वर्षे' या ओळीतून तिला तो कळायचा नाही. त्यामुळे लेटरचा निम्मा जीव याच एका कामात जायला हवा. कसा, ते प्रश्न 4 आणि 5 मध्ये आहे.

बऱ्याच ऑनलाइन अर्जांत लेटर जोडायची सोयच नसते, तिथे 'सपोर्टिंग इन्फर्मेशन' नावाची चौकट असते. मजकूर तोच घालायचा, फक्त जाहिरातीसोबत येणारं 'पर्सन स्पेसिफिकेशन' शेजारी उघडून ठेवा. त्यात 'इसेन्शियल' म्हणून जे मुद्दे असतात, त्यातल्या प्रत्येकाला तुमच्या मजकुरात कुठेतरी उत्तर मिळालं पाहिजे. निवड करणारे तो कागद समोर ठेवूनच गुण देतात.

2. लेटर किती मोठं असावं? फोटो, जन्मतारीख, वडिलांचं नाव घालायचं का?

एक पान पुरे. इंग्लंडच्या अर्जात फोटो, जन्मतारीख, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, धर्म आणि लग्न झालंय की नाही यातलं काहीही लिहू नका. 'रिस्पेक्टेड सर/मॅडम, विथ ड्यू रिस्पेक्ट आय बेग टु स्टेट' हा मायना आपल्याला रजेच्या अर्जापासून पाठ आहे, तोही सोडा. जाहिरातीत वॉर्ड मॅनेजरचं नाव असेल तर त्या नावानं सुरुवात करा, नसेल तर 'डिअर हायरिंग मॅनेजर' चालतं. खाली 'युअर्स ओबिडियंटली' लिहू नका.

3. पहिल्या परिच्छेदात काय असावं?

कोणत्या पदासाठी अर्ज आहे, जाहिरातीचा क्रमांक, तुम्ही काय शिकलात, आयसीयूत किती वर्षं झाली आणि नोंदणी कुठवर आली, एवढंच. नोंदणीच्या वाक्यात सगळ्यात जास्त घोळ होतात, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर सांगते.

इंग्लंडची नर्सिंग कौन्सिल म्हणजे एनएमसी. तिच्या परीक्षेचे दोन भाग आहेत. संगणकावरची सीबीटी भारतात देता येते, प्रात्यक्षिकाची ऑस्की तिथे जाऊन द्यावी लागते. ऑस्की पास होऊन पिन म्हणजे नोंदणी क्रमांक हातात येईपर्यंत तुम्ही तिथल्या रजिस्टर्ड नर्स नसता. तरीही सीबीटी पास झालेल्या मुली 'आय ॲम एनएमसी रजिस्टर्ड' असं सर्रास लिहितात. खोटं बोलायचा हेतू नसतो, पण नोंदणीची यादी सार्वजनिक आहे, वाचणाऱ्यानं तिथे नाव टाकलं की ते सापडत नाही, आणि पुढच्या प्रत्येक वाक्यावर शंका येते. त्यापेक्षा सरळ लिहा: 'महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी आहे, सीबीटी अमुक महिन्यात पास, इंग्रजीची परीक्षा पास, ऑस्की बाकी.'

इंग्रजीचे गुण आकड्यांत द्या. ओईटीला लेखनात सी-प्लस आणि बाकी तिन्हींत बी लागतो. आयईएलटीएस ॲकॅडमिकला लेखनात 6.5 आणि बाकी तिन्हींत 7 लागतात. याच परिच्छेदाच्या शेवटी व्हिसासाठी स्पॉन्सरशिप लागेल, हेही एका वाक्यात सांगून टाका. 2024 पासून एनएचएसनं बाहेरून नर्स घेणं बरंच कमी केलं आहे, त्यामुळे जाहिरातीत पिन आधीच मागितला असेल तर तिथे लेटर घालवून उपयोग नाही.

4. आमचं आयसीयू आठ बेडचं, जिल्ह्याच्या गावातलं. ते छोटं वाटू नये म्हणून काय लिहू?

छोटं वाटलं तरी चालेल, पण धूसर वाटायला नको. तीन वाक्यांत युनिट उभं करा. एकूण बेड किती आणि त्यातले व्हेंटिलेटरचे किती, पेशंट मुख्यतः कशाचे येतात, आणि रात्री डॉक्टर युनिटमध्ये असतो की फोनवर. तिसरं वाक्य कोणी लिहीत नाही, आणि वजन त्यालाच आहे. रात्री दोनला बिघडणारा पेशंट सगळ्यात आधी कोणाच्या लक्षात येतो, ते त्यातूनच कळतं.

इंग्लंडमध्ये पेशंट लेव्हलनं मोजतात. व्हेंटिलेटरवरचा, किंवा दोन वा अधिक अवयवांना आधार लागणारा पेशंट लेव्हल 3 चा, आणि त्याला एक नर्स पूर्ण वेळ. लेव्हल 2 ला दोन पेशंटमागे एक. आपल्याकडे हे शब्द वापरात नाहीत, पण लेटरमध्ये वापरले की वाचणाऱ्याला लगेच अंदाज येतो. उदाहरणार्थ: 'आठ बेडचं मिश्र आयसीयू, तीन व्हेंटिलेटर. माझ्याकडे साधारण एक लेव्हल 3 आणि दोन लेव्हल 2 चे पेशंट असत.'

एक गोष्ट आपल्या लक्षातच येत नाही. स्पंजिंग, तोंडाची स्वच्छता, कूस बदलणं ही कामं बऱ्याच ठिकाणी मावशी-मामा करतात, आणि सिस्टर चार्ट लिहिते. तिथे ही नर्सची कामं आहेत, आणि त्वचा कशी आहे, कुठे लाल झालंय, हे त्याच वेळी पाहायचं असतं. तुम्ही ती स्वतः करत असाल तर नक्की लिहा. करत नसाल तर अर्ज पाठवायच्या आधी महिनाभर करून पाहा.

5. 'पॉयझनिंगच्या अनेक केसेस यशस्वीपणे हाताळल्या' असं लिहिलं तर चालेल ना?

नाही चालणार. दुःख याचं आहे की, मराठवाड्यातल्या सिस्टरकडे लिहिण्यासारखं जे खरं आहे, ते याच वाक्यात पुरलं जातं. फवारणीचं औषध प्यालेला किंवा फवारताना बाधा झालेला पेशंट आपल्याकडे नेहमीचा, तिथे मात्र क्वचित येतो. त्यामुळे केसेसच्या आकड्यावरून त्यांना काहीच कळत नाही. तुम्ही काय पाहिलंत, त्यावरून कळतं.

बीड जिल्ह्यातल्या एका सिस्टरच्या लेटरमध्ये अगदी असंच वाक्य होतं. मी तिला फोन केला आणि म्हटलं, एकच पेशंट आठव आणि त्या रात्री काय झालं ते सांग. तिनं सांगितलं ते असं. ऑर्गनोफॉस्फरसचा पेशंट, तिसरी रात्र. ॲट्रोपिन चालू, छाती स्वच्छ, बाहुल्या आकसलेल्या नाहीत, घाम नाही. संध्याकाळी घरच्यांशी बोललेला. रात्री दोनच्या राउंडला तिनं सवयीनं त्याला उशीवरून मान उचलायला सांगितली, तर उचलता येईना. श्वास मिनिटाला 18 होता तो 28 झालेला, पण उथळ. ऑक्सिजन चालू असल्यामुळे मॉनिटरवर सॅच्युरेशन 95, म्हणजे अलार्म काही वाजणार नव्हता.

हे जाणणाऱ्याला पुढचं सांगावं लागत नाही. या विषबाधेत सुरुवातीचा धोका टळल्यावर साधारण 24 ते 96 तासांत मान, खांदे आणि श्वासाचे स्नायू ढिले पडू शकतात. त्याला इंटरमीडिएट सिंड्रोम म्हणतात, आणि ॲट्रोपिननं तो सुधारत नाही. मान उचलता न येणं ही त्याची पहिली खूण. तिनं खाली झोपलेल्या डॉक्टरांना उठवलं, ते येईपर्यंत बॅग-मास्क, सक्शन आणि ट्यूबचा ट्रे लावून ठेवला, आणि वीस मिनिटांत पेशंट व्हेंटिलेटरवर गेला. ट्यूब डॉक्टरांनी टाकली, हे तिनं स्वतःहून सांगितलं.

मग लेटरमधला तो परिच्छेद असा झाला. मराठीतच देते. इंग्रजीत दिला तर उद्या दहा लेटरांत जसाच्या तसा दिसेल.

'शेतीतल्या कीटकनाशकाची विषबाधा झालेले पेशंट आमच्याकडे नेहमी येतात. अशा एका पेशंटच्या तिसऱ्या रात्री, ॲट्रोपिनचा परिणाम समाधानकारक असताना आणि सॅच्युरेशन 95 टक्के असताना, त्याला उशीवरून मान उचलता येत नाही आणि श्वास उथळ होऊन 28 वर गेला आहे, असं मला आढळलं. श्वासाचे स्नायू थकत आहेत असं वाटल्यानं मी ड्युटी डॉक्टरांना एसबीएआर पद्धतीनं कळवलं, पेशंटजवळ थांबले आणि इंट्युबेशनची तयारी केली. इंट्युबेशननंतर ट्यूबची खोली, कफ प्रेशर आणि सिडेशनचा स्कोर यांची तासागणिक नोंद मी ठेवली.'

यात 'मी वाचवलं' कुठेही नाही. आकडे तीनच आहेत, आणि प्रत्येक क्रियापदाचा कर्ता स्पष्ट आहे. 'एसबीएआर पद्धतीनं' हे शब्द तिनं त्या रात्री खरोखर त्या क्रमानं सांगितलं होतं म्हणून ठेवले: पेशंट कोण, आधी काय झालं, आत्ता काय दिसतंय, काय हवंय. तसं सांगितलं नसेल तर फक्त 'कळवलं' लिहा. इंटरव्ह्यूत 'मग तुम्ही फोनवर नेमकं काय बोललात?' असं हमखास विचारतात.

प्रसंग लिहिताना पेशंटचं नाव, गाव, तारीख, रुग्णालयातला नंबर यातलं काहीही येता कामा नये. गोपनीयतेत चूक दिसली तर बाकी सगळं चांगलं असूनही अर्ज बाजूला पडतो.

6. आमच्याकडे सर्पदंशाच्याच केसेस जास्त. तो प्रसंग चालेल का?

चालेल, वजन तिथेही निरीक्षणावरच टाका: मण्यारच्या दंशात पापण्या जड होणं कधी लक्षात आलं, अँटी स्नेक व्हेनम सुरू केल्यावर पहिल्या अर्ध्या तासात रिॲक्शनसाठी काय काय पाहत होता. मांडणी प्रश्न 5 सारखीच. लेटरमध्ये प्रसंग एकच ठेवा, दोन घातले की दोन्ही पातळ होतात.

7. सीआरआरटी, एक्मो कधी केलेलं नाही. लिहिलं नाही तर मागे पडेन का?

न केलेलं लिहिलं तर नक्की मागे पडाल. बॅन्ड 5 या सुरुवातीच्या श्रेणीतल्या नव्या नर्सला एक्मो यावं अशी अपेक्षा कोणाचीच नसते. तिथे क्रिटिकल केअर नर्ससाठी 'स्टेप' नावाचा कौशल्यांचा आराखडा आहे आणि नवीन माणूस स्टेप 1 पासून सुरुवात करतो.

कौशल्यं लिहिताना मी तीन थर करायला सांगते: एकटीनं करते, कोणाच्या देखरेखीखाली करते, फक्त पाहिलेलं आहे. आर्टेरियल लाइन हे चांगलं उदाहरण आहे. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी ती डॉक्टर टाकतात, पण ट्रान्सड्यूसर झिरो करणं, वेव्हफॉर्म पाहणं, एबीजीचं सॅम्पल काढणं सिस्टर करते. मग तेवढंच लिहा. 'आर्टेरियल लाइन इन्सर्शन' लिहून मोकळं झालात की इंटरव्ह्यूत पहिला प्रश्न त्यावरच येतो.

औषधांच्या इन्फ्यूजनचंही तसंच. आपण राउंडला 'नॉरॲड पाचनी चाललंय' म्हणतो, म्हणजे तासाला 5 मिली. सिरिंजमध्ये किती औषध आहे हे सांगितल्याशिवाय त्याला अर्थ नाही. तिथे डोस मायक्रोग्रॅम प्रति किलो प्रति मिनिट असा बोलतात. 50 मिलीत 4 मिलिग्रॅम असेल तर एका मिलीत 80 मायक्रोग्रॅम, तासाला 5 मिली म्हणजे 400, मिनिटाला साधारण 6.7, आणि 60 किलोच्या पेशंटला सुमारे 0.11. हा हिशेब लेटरमध्ये घालायचा नाही, पण 'व्हॅसोप्रेसर टायट्रेट करते' असं लिहिणार असाल तर तो तोंडी यायला हवा. आणि ठरवून दिलेल्या मर्यादेत तुम्ही स्वतः कमी-जास्त करत होता, की प्रत्येक वेळी डॉक्टरांना विचारून, हेही खरं तेच लिहा.

8. एका नाईटला चार-चार व्हेंटिलेटर सांभाळले आहेत. हे लिहिलं तर इम्प्रेशन पडेल ना?

तुम्हाला वाटतं तसं नाही पडणार. तिथे व्हेंटिलेटरच्या एका पेशंटला एक नर्स हा किमान नियम आहे (प्रश्न 4), त्यामुळे 'चार सांभाळले' वाचून मेट्रनच्या मनात कौतुकाआधी काळजी येते: मग सक्शन वेळेवर झालं का, चार्ट खरा लिहिला का? तक्रारीचा सूर नको आणि बढाईही नको. प्रमाण सांगा आणि लगेच, कोणाकडे आधी जायचं हे तुम्ही कसं ठरवत होता ते सांगा. 'वर्क अंडर प्रेशर' ही ओळ त्यानंतर लागतच नाही.

9. कोणते शब्द टाळावेत?

आपल्या वॉर्डात रुळलेले बरेच शब्द तिथे चालत नाहीत. 'आरटी फीड'ऐवजी एनजी फीड. 'कॅज्युअल्टी'ऐवजी इमर्जन्सी डिपार्टमेंट. 'लामा' आणि 'डामा'ऐवजी सेल्फ-डिस्चार्ज. 'पेशंट एक्स्पायर झाला'ऐवजी सरळ 'डाइड'. 'कॉलेजमधून पास आउट झाले' असं लिहू नका, तिथे त्याचा अर्थ चक्कर येऊन पडले असा होतो. औषधांची ब्रँड नावं, ॲव्हिल, पेरिनॉर्म, लॅसिक्स, काढून मूळ नावं घाला. 'सिस्टर इनचार्ज' लिहिलंत तर कंसात नको, पण वाक्यातच सांगा की शिफ्टची जबाबदारी तुमच्याकडे होती आणि हाताखाली किती जण होते. तिथे 'सिस्टर' हे वरच्या बॅन्डचं पद आहे, नुसत्या शब्दानं गैरसमज होतो.

10. लग्न आणि बाळंतपणात दीड वर्ष घरी होते. ते लपवू का?

लपत नाही. तारखा मोजल्या जातात. एक वाक्य पुरे: 'मे 2022 ते नोव्हेंबर 2023 कौटुंबिक कारणानं काम थांबवलं होतं, त्यानंतर पुन्हा आयसीयूत रुजू झाले.' कारणाचा तपशील तुमचा खासगी आहे. परत आल्यावर काही उजळणी केली असेल, जसं एसीएलएसचं सर्टिफिकेट नवं केलं, तर तेही त्याच वाक्यात जोडा. ते दोन वर्षंच चालतं, मुदत तपासून घ्या.

11. जुनं हॉस्पिटल एक्सपिरियन्स लेटर देत नाही. अनुभव लेटरमध्ये लिहू का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि मला स्वतःला यातून जावं लागलं आहे. एका ठिकाणी माझी मूळ कागदपत्रं अकरा महिने कपाटात अडकून होती.

अनुभव खरा असेल तर लिहा, पण पडताळणी कशी होणार ते आधी ठरवा. एनएचएसमध्ये रुजू होण्याआधी साधारण मागच्या तीन वर्षांचे संदर्भ तपासतात. सध्याच्या ठिकाणचे संदर्भ पक्के असतील तर जुन्याचा आग्रह सहसा कमी होतो. जुन्यासाठी नेमणूक पत्र, पगार जमा झाल्याचं बँक स्टेटमेंट, पीएफचा तपशील जमवून ठेवा. यातलं काही लेटरमध्ये लिहायचं नाही, हॉस्पिटलबद्दलचा राग तर अजिबातच नाही.

संदर्भ देणाऱ्या डॉक्टरांचा किंवा मेट्रनचा ईमेल शक्यतो हॉस्पिटलच्या नावाचा असावा. आपल्याकडे पुष्कळ हॉस्पिटलांना तसा ईमेलच नसतो. मग संदर्भाच्या रकान्यातच तसं नमूद करा आणि हॉस्पिटलचा लँडलाइन द्या.

12. कौन्सिलच्या नोंदणीवर माहेरचं नाव आहे, पासपोर्टवर सासरचं. लेटरवर कोणतं?

पासपोर्टवरचं, अक्षर न् अक्षर तसंच. खाली एक ओळ: 'नोंदणी आधीच्या नावानं आहे, बदलाचा पुरावा जोडला आहे.' पुरावा म्हणजे विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र किंवा राजपत्र. 'देशमुख' एकीकडे 'ee' नं आणि दुसरीकडे 'e' नं असलं तरी अडतं, हे हसण्यासारखं वाटतं पण अडतं.

13. एजन्सीवाले तयार लेटर देतात. तेच पाठवू का?

नको. एकाच रुग्णालयाकडे एकाच एजन्सीचे वीस अर्ज जातात आणि वीसही जणी 'पॅशनेट अँड डेडिकेटेड' असतात. नमुना म्हणून वाचा आणि बंद करा. इंग्लंडच्या भरती नियमांनुसार उमेदवार नर्सकडून नोकरीसाठी फी घेता येत नाही, तेव्हा लेटरच्या नावाखाली पैसे मागत असतील तर तिथूनच परत फिरा.

14. हेच लेटर सौदी, दुबई किंवा जर्मनीला चालेल का?

प्रसंगाचा परिच्छेद (प्रश्न 5) सगळीकडे चालतो, बाकी बदलावं लागतं. आखातात डेटाफ्लो नावाची कागदपत्रांची पडताळणी असते आणि ती थेट तुमच्या कॉलेजला, हॉस्पिटलला विचारते. तिथे लेटर, सीव्ही आणि एक्सपिरियन्स लेटर यांतल्या तारखा दिवसापर्यंत जुळायला हव्यात. सर्टिफिकेटवर 14 जून असेल आणि तुम्ही 'जून' लिहिलं तर ठीक, '1 जून' लिहिलं तर प्रकरण लांबतं. आखातात नोंदणीचं वाक्यही देशागणिक वेगळं: सौदीची कौन्सिल वेगळी, दुबई आणि अबुधाबीची परवाना खातीही वेगवेगळी. जाहिरात ज्या शहराची, त्याच परवान्याचं नाव घाला.

जर्मनीला लेटर जर्मनमध्येच, आणि तुमच्या भाषेच्या पातळीला शोभेल असं. बी1 झालेल्या मुलीचं लेटर सराईत जर्मनमध्ये असेल तर व्हिडिओ कॉलच्या पहिल्या मिनिटाला उघडं पडतं. साधी वाक्यं, थोडी कमी वाक्यं, आणि मान उचलता न येणारा तो पेशंट जर्मनमध्ये तोंडी सांगता येईपर्यंत लेटर पाठवू नका.